रोजकीर्द ते ताळेबंद : वर्गातलं एकच उदाहरण शेवटपर्यंत कसं न्यायचं

अकरावीच्या बहुतेक वह्यांत रोजकीर्दीची उदाहरणं वेगळी, खतावणीची वेगळी, तेरजेची वेगळी असतात, आणि अंतिम लेखे तर थेट तयार तेरजेपासून सुरू होतात. प्रत्येक प्रकरण सुटतं, पण एकही उदाहरण पहिल्या नोंदीपासून ताळेबंदापर्यंत गेलेलं नसतं. मग सहामाहीत ‘आवक गाडीभाडं व्यापार खात्यात का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘सरांनी सांगितलंय म्हणून.’

यावर माझ्या क्लासमध्ये मी एकच गोष्ट करून घेतो. रोजकीर्दीचं एक उदाहरण घ्यायचं आणि तेच चारही पायऱ्यांतून पुढे न्यायचं. मुलं याला ‘साखळी’ म्हणतात. महिन्यातून अशा दोन साखळ्या पुरतात, पण त्या क्रमाने आणि तपासत करायला हव्यात. खाली एक साखळी पूर्ण सोडवून दाखवतो. वही-पेन घेऊन सोबत सोडवा, नुसतं वाचून हाती काही लागणार नाही.

## टप्पा १ : उदाहरण निवडणं आणि रोखीची कच्ची तपासणी

वर्गात सोडवलेलं दहा ते पंधरा व्यवहारांचं रोजकीर्दीचं उदाहरण घ्या. त्यात निदान एवढं हवं: भांडवल आणून सुरुवात, एक उधार खरेदी, एक उधार विक्री, एक परतीचा व्यवहार, मालकाची उचल आणि दोन-तीन खर्च. यातलं काही नसेल तर एखादा व्यवहार स्वतः घाला. पहिल्या साखळीसाठी जीएसटी नसलेलं उदाहरण घ्या. तो दुसऱ्या खेपेला आणू.

इथेच पहिला खड्डा आहे. रोजकीर्दीची उदाहरणं फक्त नोंदींच्या सरावासाठी रचलेली असतात. दहा हजारांनी धंदा सुरू करून पंधरा हजारांचं फर्निचर रोखीने घेतलेलं असतं, आणि नोंद बरोबर येत असल्याने वर्गात ते कुणाच्या लक्षात येत नाही. तेच उदाहरण पुढे नेलं की रोख खात्याला जमा शिल्लक येते. म्हणजे गल्ल्यात उणे पैसे! असं कधी होत नाही. म्हणून आधी कोपऱ्यात रोखीचा कच्चा हिशेब मांडा: आले, गेले, उरले. कुठल्याही तारखेला उरलेली रक्कम शून्याखाली जात असेल तर भांडवलाचा आकडा वाढवा.

आपलं उदाहरण एका स्टेशनरी दुकानाचं, एप्रिल २०२५ चं आहे:

- एप्रिल १ : रोख ५०,००० रु. आणि १२,००० रु. चं फर्निचर आणून धंदा सुरू केला.
- एप्रिल ३ : बँकेत खातं उघडून २०,००० रु. भरले.
- एप्रिल ५ : सुनीलकडून १५,००० रु. चा माल १०% व्यापारी सूट वजा करून उधारीवर घेतला.
- एप्रिल ८ : रोखीने माल खरेदी ८,००० रु.
- एप्रिल ९ : त्या मालाचं आवक गाडीभाडं ६०० रु. रोख.
- एप्रिल १० : मीनाला १२,००० रु. चा माल उधारीवर विकला.
- एप्रिल १२ : रोख विक्री १०,५०० रु.
- एप्रिल १४ : सुनीलला १,५०० रु. चा (सूट वजा जाता) खराब माल परत केला.
- एप्रिल १८ : मीनाकडून ७,८०० रु. रोख मिळाले, तिला २०० रु. सूट दिली.
- एप्रिल २० : सुनीलला १०,००० रु. चा धनादेश दिला.
- एप्रिल २२ : घरखर्चासाठी दुकानातून रोख २,००० रु. काढले.
- एप्रिल २५ : दुकानाचं भाडं धनादेशाने ३,००० रु.
- एप्रिल २८ : नोकराचा पगार रोख ४,००० रु.

तपासणी : रोख आली ६८,३०० रु. (५०,००० + १०,५०० + ७,८००), गेली ३४,६०० रु., उरली ३३,७०० रु. ही रक्कम वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. खतावणीत रोख खात्याची शिल्लक हीच यायला हवी.

## टप्पा २ : रोजकीर्द

प्रत्येक व्यवहारासाठी तीन प्रश्न, याच क्रमाने: कोणती दोन (किंवा तीन) खाती? प्रत्येक खातं कोणत्या प्रकारचं, व्यक्तिगत, वास्तव की नामधारी? त्या प्रकाराच्या नियमाने नावे कोणतं? मुलं तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतात. ‘पैसे गेले म्हणजे जमा’ एवढंच डोक्यात असतं, आणि उधारीचा व्यवहार आला की अडतात.

बाकीच्या नोंदी सरळ आहेत. तीनच ठिकाणी थांबू.

५ एप्रिलची खरेदी. व्यापारी सूट पुस्तकात येतच नाही. ती बिलातच वजा झालेली असते. १५,००० चे १०% म्हणजे १,५००, म्हणून नोंद १३,५०० रुपयांची:

खरेदी खाते … नावे १३,५००
  सुनीलच्या खात्याला … १३,५००
(सुनीलकडून १०% व्यापारी सुटीने उधार माल खरेदी केल्याबद्दल)

१८ एप्रिलची वसुली. इथली सूट मात्र पुस्तकात येते, कारण मीनाच्या नावावर पूर्ण रक्कम आधीच चढलेली आहे. तिचं ८,००० रुपयांचं देणं संपलं, आपल्या हातात ७,८०० आले, उरलेले २०० आपला तोटा:

रोख खाते … नावे ७,८००
सूट दिली खाते … नावे २००
  मीनाच्या खात्याला … ८,०००

२२ एप्रिलची उचल. पैसे घरखर्चाला गेले, म्हणून मुलं ‘घरखर्च खाते’ किंवा नुसतं ‘खर्च खाते’ नावे टाकतात. दुकान वेगळं आणि मालक वेगळा. नावे होणार उचल खाते.

स्पष्टीकरण गाळू नका. पंधरा दिवसांनी चूक शोधताना ‘हे २,००० कशाचे?’ याचं उत्तर त्या एका ओळीतच असतं.

इशारा : उदाहरणात ‘पाच हजारांच्या मालाची ऑर्डर दिली’ किंवा ‘महिना चार हजारांवर नोकर ठेवला’ अशी वाक्यं असतील तर त्यांची नोंद होत नाही. त्या तारखेला पैसे, माल किंवा देणं यांपैकी काहीच हललेलं नसतं.

तपासणी : रोजकीर्दीच्या नावे आणि जमा रकान्यांची बेरीज करा. आपल्या उदाहरणात दोन्हीकडे १,५५,१०० येते. वर्गात ही बेरीज बहुतेक जण टाळतात. तुम्ही करा, पुढच्या टप्प्यात तिचा मोठा उपयोग आहे.

## टप्पा ३ : खतावणी

खाती आधी उघडून घ्या. रोजकीर्द वरून खाली वाचा आणि नवीन नाव आलं की एक खातं उघडा. आपल्याकडे चौदा खाती होतात: रोख, बँक, फर्निचर, भांडवल, खरेदी, खरेदी परत, सुनील, विक्री, मीना, सूट दिली, उचल, भाडं, पगार आणि आवक गाडीभाडं. पानावर किती जागा सोडायची हेही ठरवा. रोख खात्याला अर्धं पान, भाड्याला चार ओळी. जागा संपली म्हणून खातं दोन तुकड्यांत लिहिलं की एक तुकडा तेरजेत राहून जातो.

मग एकेक नोंद खतवायची, एकेक खातं नव्हे. म्हणजे १ एप्रिलची नोंद तिन्ही खात्यांत पूर्ण उतरवली, खा.पा. रकान्यात पान क्रमांक टाकला, मगच ३ एप्रिलला हात लावायचा. ‘आधी सगळं रोख खातं भरू’ म्हणणाऱ्यांचं रोख खातं सुरेख येतं आणि दोन नोंदी अर्धवट राहतात. खा.पा. चा रकाना शोभेसाठी नाही. त्यात आकडा नसेल तर ती ओळ अजून खतवलेली नाही.

खात्यात समोरच्या खात्याचं नाव लिहायचं: नावे बाजूला ‘…खात्याला’, जमा बाजूला ‘…खात्याने’. खात्यात त्याचंच नाव लिहिलेलं दिसलं तर गल्लत झाली आहे.

सुनीलचं खातं पूर्ण दाखवतो, कारण सर्वात जास्त घसरण इथेच होते:

| नावे | रु. | जमा | रु. |
|---|---|---|---|
| एप्रिल १४ खरेदी परत खात्याला | १,५०० | एप्रिल ५ खरेदी खात्याने | १३,५०० |
| एप्रिल २० बँक खात्याला | १०,००० | | |
| एप्रिल ३० शिल्लक पुढे नेली | २,००० | | |
| | १३,५०० | | १३,५०० |
| | | मे १ शिल्लक खाली आणली | २,००० |

जमा बाजू मोठी आहे, म्हणून शिल्लक जमा आहे. आपण सुनीलचे २,००० रुपये देणं लागतो. पण ‘शिल्लक पुढे नेली’ हा आकडा नावे बाजूला लिहिलेला आहे, आणि तो पाहून मुलं तेरजेत सुनीलला नावे रकान्यात बसवतात. नियम साधा आहे: शिल्लक कोणत्या बाजूची हे ‘खाली आणली’ या ओळीवरून ठरवा, ‘पुढे नेली’वरून नाही. म्हणूनच खाली आणलेली ओळ लिहायचा कंटाळा करू नका.

तपासणी १ : रोख खात्याची शिल्लक मागच्या पानावरच्या ३३,७०० शी जुळते का?

तपासणी २ : शिल्लक काढण्याआधीच्या सगळ्या खात्यांच्या नावे बाजूंची बेरीज करा. ती रोजकीर्दीच्या १,५५,१०० इतकीच यायला हवी. समजा २५ एप्रिलची भाड्याची नोंद खतवायची पूर्ण राहून गेली. दोन्ही बाजूंनी ३,००० कमी, म्हणजे तेरीज तरीही जुळणार. ही चूक तेरीज कधीच दाखवत नाही. ही बेरीज दाखवते, कारण ती १,५२,१०० येईल.

## टप्पा ४ : तेरीज

खात्यांच्या शिल्लका उतरवताना खातेवही पानांच्या क्रमाने उलटा आणि उतरवलेल्या खात्यावर पेन्सिलने टिक करा.

| खाते | नावे रु. | जमा रु. |
|---|---|---|
| रोख | ३३,७०० | |
| बँक | ७,००० | |
| फर्निचर | १२,००० | |
| भांडवल | | ६२,००० |
| खरेदी | २१,५०० | |
| खरेदी परत | | १,५०० |
| सुनील | | २,००० |
| विक्री | | २२,५०० |
| मीना | ४,००० | |
| सूट दिली | २०० | |
| उचल | २,००० | |
| भाडं | ३,००० | |
| पगार | ४,००० | |
| आवक गाडीभाडं | ६०० | |
| एकूण | ८८,००० | ८८,००० |

जुळली नाही तर लगेच पहिल्या नोंदीपासून सुरुवात करायची नाही. फरकाकडे नीट पाहा, तो पुष्कळ सांगतो.

समजा सुनीलला चुकून नावे रकान्यात टाकलं. नावे ९०,०००, जमा ८६,०००, फरक ४,००० चा. पहिली नजर मीनाच्या ४,००० वर किंवा पगाराच्या ४,००० वर जाते, कारण आकडा तोच. पण दिशा पाहा. नावे बाजू जास्त आहे, म्हणजे जमेतून काहीतरी गळलं असेल किंवा जमेचं काहीतरी नावे गेलं असेल. मीना आणि पगार तर नावे शिलकेची खाती आहेत, ती गळली असती तर नावे बाजू कमी आली असती. जमेत ४,००० ची शिल्लकच नाही. मग फरकाचे निम्मे करा: २,०००. जमा शिलकेत २,००० कोणाचे? सुनीलचे. सापडला.

फरकाला ९ ने निःशेष भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल शोधा. ३३,७०० च्या जागी ३७,३०० लिहिलं तर फरक ३,६०० चा, आणि ३,६०० ÷ ९ = ४००. दरवेळी हेच कारण असेल असं नाही, पण शोध इथून सुरू करायला हरकत नाही.

इशारा : फरक सापडत नाही म्हणून ‘अनामत खाते’ टाकून पुढे जाऊ नका. चुकांच्या दुरुस्तीच्या प्रकरणात ते खातं हवंच, पण साखळीत ते घातलं की चूक ताळेबंदापर्यंत चालत जाते आणि मग कुठून आली ते कळत नाही.

## टप्पा ५ : समायोजना स्वतः लिहिणं

रोजकीर्दीच्या उदाहरणात समायोजना दिलेल्या नसतात, त्या तुम्ही घालायच्या. तीन-चार पुरे. आपण या घेऊ:

१. ३० एप्रिलला अखेरचा माल : खरेदी किंमत ६,५०० रु., बाजारभाव ७,००० रु.
२. पगाराचे ५०० रु. द्यायचे राहिले.
३. फर्निचरवर वार्षिक १०% घसारा.
४. मालकाने ४०० रु. चा माल घरी नेला, नोंद केलेली नाही.

अंतिम लेख्यांत प्रत्येक समायोजनेचे दोन परिणाम दाखवायचे हे सगळ्यांना पाठ असतं. तरीही दुसरा परिणाम राहतो. साखळीत म्हणूनच प्रत्येक समायोजनेची आधी रोजकीर्द नोंद लिहून घेतो. नोंदीला दोन बाजू असतातच, दोन परिणाम वेगळे आठवावे लागत नाहीत.

अखेरचा माल खाते नावे ६,५००, व्यापार खात्याला ६,५००. दोन किमतींतली कमी ती घ्यायची.
पगार खाते नावे ५००, अदत्त पगार खात्याला ५००.
घसारा खाते नावे १००, फर्निचर खात्याला १००.
उचल खाते नावे ४००, खरेदी खात्याला ४००.

घसाऱ्याचे १०० कसे? १२,००० चे १०% वर्षाला १,२००, आणि आपला हिशेब एका महिन्याचा, म्हणून १००. ‘वार्षिक’ शब्द दिसला की किती महिन्यांचा हिशेब आहे ते पाहायची सवय लावा. मधेच घेतलेल्या मालमत्तेवर हीच चूक वारंवार होते.

अखेरचा माल तेरजेत का नव्हता, हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. तो माल खरेदीच्या २१,५०० मध्ये आधीच आहे. तेरजेत पुन्हा घातला असता तर तोच माल दोनदा मोजला गेला असता.

## टप्पा ६ : अंतिम लेखे

आता तेरजेच्या प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलने एक अक्षर लिहा: ‘व्या’ म्हणजे व्यापार, ‘न’ म्हणजे नफा-तोटा, ‘ता’ म्हणजे ताळेबंद. माल दुकानात येऊन विकण्याजोगा होईपर्यंतचा खर्च व्यापार खात्यात जातो, म्हणून आवक गाडीभाडं ‘व्या’. दुकान चालवायचा खर्च ‘न’. तेरजेतली प्रत्येक ओळ एकदा येते, समायोजनेची दोनदा. एखाद्या ओळीसमोर अक्षर नसेल तर पुढे जाऊ नका.

व्यापार खाते, ३० एप्रिल २०२५ रोजी संपणाऱ्या महिन्यासाठी

| नावे | रु. | जमा | रु. |
|---|---|---|---|
| खरेदी २१,५००, वजा परत १,५००, वजा उचल ४०० | १९,६०० | विक्री | २२,५०० |
| आवक गाडीभाडं | ६०० | अखेरचा माल | ६,५०० |
| ढोबळ नफा | ८,८०० | | |
| | २९,००० | | २९,००० |

नफा-तोटा खाते

| नावे | रु. | जमा | रु. |
|---|---|---|---|
| पगार ४,०००, अधिक अदत्त ५०० | ४,५०० | ढोबळ नफा | ८,८०० |
| भाडं | ३,००० | | |
| सूट दिली | २०० | | |
| फर्निचरवर घसारा | १०० | | |
| निव्वळ नफा | १,००० | | |
| | ८,८०० | | ८,८०० |

ताळेबंद, ३० एप्रिल २०२५ रोजीचा

| देणी | रु. | मालमत्ता | रु. |
|---|---|---|---|
| भांडवल ६२,०००, अधिक नफा १,०००, वजा उचल २,४०० | ६०,६०० | फर्निचर १२,०००, वजा घसारा १०० | ११,९०० |
| सुनील | २,००० | अखेरचा माल | ६,५०० |
| अदत्त पगार | ५०० | मीना | ४,००० |
| | | बँक | ७,००० |
| | | रोख | ३३,७०० |
| | ६३,१०० | | ६३,१०० |

शीर्षकांतला फरक लक्षात घ्या. व्यापार आणि नफा-तोटा खाते ‘…संपणाऱ्या महिन्यासाठी’, ताळेबंद ‘…रोजीचा’. पहिली दोन्ही त्या कालावधीत काय घडलं ते सांगतात, ताळेबंद फक्त त्या दिवशीची स्थिती सांगतो.

तपासणी : खातेवहीत परत जा आणि भांडवल खातं बंद करा. जमेला ६२,००० आणि निव्वळ नफा १,०००, नावेला उचल २,४००. शिल्लक ६०,६००. ताळेबंदातला आकडा जुळवताना ढकललेला असेल तर तो इथे उघडा पडतो.

## टप्पा ७ : मुद्दाम चूक पेरून पाहणं

साखळीचा खरा फायदा इथे आहे, आणि नेमका हाच टप्पा लोक सोडून देतात. सगळं जुळल्यावर एक चूक मुद्दाम करा आणि ती कुठपर्यंत जाते ते बघा. सगळी साखळी पुन्हा लिहायची नाही, फक्त बदलणारे आकडे काढायचे.

एका बॅचमध्ये मी २२ एप्रिलची उचल पगार खात्यात टाकून दिली आणि विचारलं, ताळेबंद जुळेल का? निम्मी मुलं ‘नाही’ म्हणाली. करून पाहू. पगार ६,००० होतो, उचल खात्यात काही राहत नाही. तेरीज ८८,००० लाच जुळते. समायोजना धरून नफा-तोटा खात्यात पगार ६,५०० जातो, म्हणून १,००० नफ्याऐवजी १,००० तोटा. आता भांडवल: ६२,००० वजा तोटा १,००० वजा उचल ४०० म्हणजे ६०,६००. पूर्वीइतकंच! ताळेबंद त्याच ६३,१०० ला जुळतो. एकही बेरीज चुकली नाही, आणि नफ्यातलं दुकान तोट्यात दिसलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, मग जुळलं म्हणजे बरोबर कसं?’ मी तोच प्रश्न सगळ्यांच्या वहीत लिहायला सांगितला.

दुसरी चूक ५ एप्रिलची: व्यापारी सूट वजा न करता १५,००० लिहा. तेरीज दोन्हीकडे ८९,५०० ला जुळते. ढोबळ नफा ७,३००, आणि शेवटी ५०० रुपयांचा तोटा. सुनीलचं देणं ३,५००, भांडवल ५९,१००. देण्यांची बेरीज पुन्हा ६३,१००, कारण मालमत्तेच्या बाजूला काहीच बदललं नाही. अशी चूक पकडायला सुनीलचं बिलच बघावं लागतं.

तिसरी तुम्ही करा: आवक गाडीभाडं नफा-तोटा खात्यात टाका. ढोबळ नफा किती होईल, निव्वळ नफा किती, हे आधी तोंडी सांगा आणि मग मांडून बघा. (ढोबळ ९,४००, निव्वळ तोच १,०००.)

## टप्पा ८ : मे महिन्यात जाणं

बहुतेक साखळ्या ताळेबंदावर संपतात. एक पाऊल पुढे टाका. १ मेला ताळेबंदावरून प्रारंभिक नोंद लिहा: फर्निचर ११,९००, माल ६,५००, मीना ४,०००, बँक ७,०००, रोख ३३,७०० नावे; सुनील २,०००, अदत्त पगार ५००, भांडवल ६०,६०० जमा. विक्री, खरेदी, भाडं, पगार, सूट यांपैकी एकही खातं या नोंदीत नाही. नामधारी खाती आणि खरेदी-विक्री एप्रिलबरोबरच बंद झाली. उचलही भांडवलात वजा होऊन संपली.

मग मेसाठी आठ-दहा नवे व्यवहार घ्या आणि त्यात दोन हमखास घाला. एक, जीएसटी असलेली खरेदी: कराची रक्कम खरेदी खात्यात मिसळायची नाही, इनपुट सीजीएसटी आणि इनपुट एसजीएसटी या स्वतंत्र खात्यांना नावे टाकायची. दुसरा, ‘५ मे : एप्रिलच्या पगाराचे राहिलेले ५०० रुपये रोख दिले’. दहापैकी सात-आठ जण इथे पगार खाते नावे टाकतात. तेरीज जुळते, काही खटकत नाही, आणि ३१ मेच्या ताळेबंदात ते ५०० रुपये अजूनही देणं म्हणून बसलेले असतात. नावे व्हायला हवं होतं अदत्त पगार खाते.